काजळाचा दिवा

सहायसाहेबांच्या एका सहीत मंजरीचं काय काय अडकलं होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं नशिबाच्या नावावर खपवलं जाईल, आणि नशीब कुणाला जाब देत नाही.

लखनौच्या त्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मंजरी निगम पाळणाघर चालवायची. अकरा पोरं. सकाळी आठला येणारी, संध्याकाळी सहाला जाणारी, काही त्याहून उशिरा. सही मिळाली तर पाळणाघर राहणार होतं. पाळणाघर राहिलं तर सासूच्या तोंडचा 'आमची बहू दाईचं काम करते' हा टोमणा निदान कागदोपत्री खोटा ठरणार होता. नवऱ्याला, राजुलला, आपली बायको काहीतरी 'चालवते' असं चारचौघांत म्हणता येणार होतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, दिवसाचे दहा तास तिला कुणी काही विचारत नव्हतं, उलट तीच सगळ्यांना सांगत होती. चौतीस वर्षांच्या आयुष्यात हे सुख तिला याच चार वर्षांत मिळालं होतं. ते हातचं जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

तळमजल्यावरून तक्रार गेली होती. पोरांचा गोंगाट, जिन्यातल्या चपला, आणि तिसरा मुद्दा वकिलाला विचारून घातल्यासारखा: आगीचा धोका. सोसायटीचे सचिव बिंदेश्वरी सहाय हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी एकच कला जोपासली होती, कुठल्याही कागदाखाली आपलं नाव येऊ न देण्याची. त्यांनी डोकं खाजवून तोड काढली.

"असं करू, बहू. दिवाळीला तुझ्या घरी गर्दी असतेच. पोरं, आईबाप, दिवे, लायटिंग, सगळं एका खोलीत. मी येऊन बघतो. एवढ्या धामधुमीत सगळं शिस्तीत दिसलं, तर एरवीची काळजी नको. तिथल्या तिथे ना-हरकत लिहून देतो."

"सोसायटीच्या सभेआधी?"

"सभेआधीच. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सगळे घरी सापडतात म्हणून तर सभा ठेवलीय. पण एक ध्यानात ठेव. माझ्या घरची पूजा पावणेआठला. पूजा झाली की कलम देवापुढे. मग भाऊबीजेला दवात-कलमेची पूजा होईपर्यंत मी सही करायचा नाही. तूही कायस्थांचीच सून, तुला काय सांगायचं!"

तिला सांगायची गरज नव्हतीच. लक्ष्मीपूजन झालं की घरातली झाडून सगळी पेनं चित्रगुप्तापुढे ठेवायची आणि दोन दिवस एक अक्षर लिहायचं नाही, हे तिच्या माहेरीही होतं. म्हणजे सही दिवाळीच्या संध्याकाळी पावणेआठच्या आत. नाहीतर सभेत कागद नाही, आणि कागद नाही तर पाळणाघर नाही.

मंजरी कामाला लागली ती चार दिवस आधीपासून.

बैठकीची खोली बारा बाय चौदा. तिथे पंचवीस माणसं बसणार, त्यांतली निम्मी गुडघ्याएवढी. तिने नवी माळ आणली, एलईडीची. ती हाताला गरम लागत नाही, हे दुकानातच तास-अर्धा तास लावून ठेवून, हात लावून बघितलं. दुकानदार म्हणाला, "ताई, लग्नाला मुलगा बघताय की माळ?" तिने ती माळ दाराच्या चौकटीवर, भिंतीच्या कडेने, पडद्यांपासून चार हात लांब लावली. खिळा नाही, चिकटणारे हूक. वायर सतरंजीखालून न्यायची नाही, एका खटक्यावर तीन-तीन माळा जोडायच्या नाहीत. जळत्या पणत्या सगळ्या गॅलरीत, पाणी भरलेल्या परातीत विटा ठेवून त्यांवर, आणि गॅलरीच्या दाराला कडी. पोरांनी मातीचं छोटं घर केलं होतं, घरौंदा. त्यात खरा दिवा नाही, बॅटरीवरचा. टेबलाला खाली लोंबणारी चादर नाही, पोरं धरून ओढतात. पोरांना सुती कपडे घालूनच पाठवा, जाळीचे घागरे नकोत, असा निरोप सगळ्या आयांना गेला. दाराशी पाण्याची एक बादली आणि वाळूची एक.

पोरं तिला मौसी म्हणायची. त्यांच्याकडून एक धडाही घोकून घेतला होता. "ज्योत दिसली की हात?" "मागे!" "आणि मग?" "मौसीला सांगायचं!"

राहता राहिले पडदे. जाळीचे, गुलाबी, सासूच्या, म्हणजे अम्माजींच्या पसंतीचे. मंजरीने ते सकाळीच काढून ठेवले.

"हे काय?" अम्माजी पूजेच्या खोलीतून बाहेर येत म्हणाल्या. "सणाच्या दिवशी उघड्या खिडक्या? कुणी गेलंय का घरात?"

"अम्माजी, गर्दी असणार आहे. दिवे..."

"दिवे आमच्याही वेळी होते. सहा पोरं वाढवली मी. एकही भाजलं नाही."

"तेव्हा पडदे सुती होते, अम्माजी. हे नायलॉनचं आहे. हे नुसतं जळत नाही, वितळतं, आणि अंगाला चिकटतं."

"बघा! सणाच्या दिवशी तोंडात काय तर जळणं!"

राजुल मध्ये पडला. राजुल नेहमी मध्येच पडायचा, कुठल्या बाजूला ते मात्र कधी ठरायचं नाही. तोडगा असा निघाला की पडदे लावायचे, पण वर उचलून, दांडीजवळ अंबाड्यासारखी गाठ मारून. मंजरीने गाठी स्वतः मारल्या आणि ओढून बघितल्या.

मग निघाला काजळाचा विषय.

अम्माजींचं दिवाळीचं काजळ अख्ख्या इमारतीत नावाजलेलं. लक्ष्मीच्या दिव्यावरून पेटवलेली मोठी पणती, मोहरीचं तेल, करंगळीएवढी जाड वात. दोन्ही बाजूंना उपड्या वाट्या, त्यांवर आतून तूप लावलेली काशाची थाळी उपडी. ज्योत थाळीच्या पोटाला लागते, पसरते, आणि रात्रभर काजळी धरते. मंजरीला हा दिवा घरात नकोच होता. पण सहायसाहेबांना दोन महिन्यांचा नातू होता, आणि सहाय भाभींनी आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "अम्माजी, या वर्षी पहिलं बोट आमच्या बाळाला." डॉक्टर डोळ्यात घालू नका म्हणतात, तर तळपायाला लावू, पण हवं ते अम्माजींचंच. आता, ज्यांच्या नवऱ्याची सही हवी त्यांच्या नातवाचं काजळ नको कसं म्हणायचं? मंजरीने हिशेब केला आणि दिव्याला परवानगी दिली. जागा मात्र स्वतः ठरवली. स्वयंपाकघराचा ओटा, शेगडीपासून दूर, वर फळी नाही, दाराला बाहेरून कडी.

निगमांच्या घरची पूजा पावणेसहालाच उरकली. सुरणाची भाजी, पुऱ्या, लाह्या-बताशे झाले. घरातली पेनं, पोरांचे स्केचपेनसुद्धा, चित्रगुप्तापुढे ओळीत मांडून त्यांवर अक्षता पडल्या. ना-हरकतीचा कागद टाइप करून तयार होता. फक्त सही.

साडेसहाला पहिली पोरं आली आणि पावणेसातला खोली भरली. चीनू मात्र सकाळपासून होतीच. चार वर्षांची, दोन शेंड्यांची. आई बबीता रावत नर्स. वॉर्डात सणाच्या दिवशी रजा मागणाऱ्यांची रांग असते आणि न मागणाऱ्यांना ड्यूटी लागते. बबीता न मागणाऱ्यांतली. तिचं इथे कुणी नव्हतं, माहेर पार गढवालात. "दीदी, तुमच्याकडे ठेवून मी निर्धास्त असते," असं ती सकाळी म्हणून गेली होती.

सहायसाहेब सात वाजता आले, मफलर गुंडाळून. ऑक्टोबरात मफलर म्हणजे पाहणी अधिकृत आहे याची खूण. सोबत भाभी. त्यांनी बादल्या बघितल्या, माळ बघितली, गॅलरीच्या दाराची कडी हलवून बघितली.

"वाळूही? वा!"

"तेलाच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, भाईसाहब. वाळू टाकायची, नाहीतर झाकण."

"आमच्या खात्यात तू असतीस तर निम्मी धरणं गळली नसती," सहायसाहेब म्हणाले, आणि आपल्याच विनोदाने खूश होऊन चहाला बसले. "पण बहू, ती खिडकी का अंधारी ठेवलीस? दिवाळी ना?"

एवढं पुरलं. राजुलने संध्याकाळीच एक उद्योग करून ठेवला होता. वडिलांच्या काळची रंगीत बल्बांची माळ, जागोजाग चिकटपट्ट्या लावलेली, त्याने पडद्याच्या दांडीला, कड्यांमधून वेढे घेत गुंडाळली होती. मंजरीने ती बघताच पिन उपसली होती आणि म्हणाली होती, "ही काढा." तो म्हणाला होता, "काढतो गं, आता वेळ कुठाय." आता साहेबांचा शब्द पडताच त्याने पिन परत खोचली. लाल, हिरवे, पिवळे बल्ब लागले. "वा!" साहेब म्हणाले. मंजरीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

खोलीत उकडत होतं. कुणीतरी पंखा लावला.

याच सुमारास अम्माजी उठल्या. स्वयंपाकघरात त्यांना उष्ट्या कपबशा दिसल्या. कुणीतरी कडी काढून आत नेऊन, अगदी काजळाच्या दिव्याशेजारी, रचल्या होत्या. लक्ष्मीच्या ज्योतीवर लावलेला दिवा आणि खरकट्यात? वर बाई-माणसांची ये-जा, दिव्यावर दहा जणींची नजर. असं काजळ बाळाला लावायचं? अम्माजी हट्टी असतील, पण बेफिकीर नव्हत्या. त्यांनी सुनेचे नियम चार दिवस ऐकले होते. दिवा पोरांच्या हाताला लागता कामा नये. म्हणजे उंच हवा. वारा लागता कामा नये. म्हणजे आडोसा हवा. नजर पडता कामा नये, हा नियम त्यांचा स्वतःचा. हे तिन्ही एकाच जागी जमत होते. बैठकीच्या खिडकीचा कट्टा, सोफ्याच्या पाठीमागे, पोरांच्या डोक्यावर. पदराने झाकून त्यांनी दिवा तिथे नेला, वाट्या मांडल्या, थाळी ठेवली. आणि पंख्याच्या वाऱ्याला आडोसा म्हणून एका पडद्याची गाठ सोडली.

गर्दीत कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे घरौंद्याभोवती वाकले होते.

"चल, बहू," सहायसाहेब घड्याळ बघत म्हणाले. "सव्वासात. दे तो कागद."

मंजरीने कागद दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम चुकल्याचं सांगितलं, आणि छातीवरच्या खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा.

"अरेच्चा! पेन?"

"पूजेत मांडलं ना मी," सहाय भाभी म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, आधीच मांडून ठेव, मागाहून गडबड नको."

"मग इथलं द्या एखादं."

निगमांच्या घरातली पेनं चित्रगुप्तापुढे होती, अक्षता पडलेली. अम्माजी जागेवरूनच म्हणाल्या, "हात लावायचा नाही कुणी." पाहुण्यांच्या खिशांत मोबाइल होते, पेन एकाकडेही नव्हतं. कुणी म्हणालं, काजळाने अंगठा उठवा. खोली हसली.

"तिसऱ्या मजल्यावर नक़वीसाहेब," राजुल म्हणाला. "त्यांच्याकडे कलमपूजा नसते, पेन असणारच. आलो मी." आणि तो धावला. घरातला एकमेव धडधाकट पुरुष, ज्याला मेनचा खटका कुठे आहे ते झोपेतही सांगता आलं असतं, तो पेन आणायला वर गेला.

साहेब कागद हातात धरून बसले. मंजरी शेजारी उभी राहिली, जणू ती हलली तर कागद उडून जाईल.

तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर ओढला. चीनू.

"मौसी, पडद्यात ज्योत आहे."

"हं?"

"पडद्यात. मी हात मागे केला." तिने दोन्ही हात पाठीमागे धरून दाखवले.

मंजरीने खिडकीकडे बघितलं. गाठ सुटलेली. गुलाबी जाळी खाली आलेली, पंख्याने किंचित फुगणारी, आणि तिच्या पलीकडे, खाली कुठेतरी, पिवळसर उजेड. मोहरीच्या तेलाचा वास आता तिला आला. कधीपासून येत होता कुणास ठाऊक. एका क्षणात तिला सगळं कळलं, कुणी ठेवला तेही.

आता तिने काय करायला हवं होतं, ते या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन पावलं टाकायची, पडदा बाजूला करायचा, थाळी खाली ओढून ज्योत विझवायची. पण दोन पावलं टाकली की सहायसाहेबांची नजर मागोमाग येणार. नायलॉनच्या पडद्याआड, पोरांच्या डोक्यावर, उघडा दिवा. ज्या माणसाने आयुष्यभर सही टाळायची निमित्तं शोधली, त्याच्या हातात आयतं निमित्त. मंजरीने मनातल्या मनात अंतर मोजलं. पडदा ज्योतीपासून वीतभर तरी असेल. राजुल जिन्यात असेल. दोन मिनिटं. सही झाली, साहेब उठले, की पहिलं काम तेच.

"शाबास, राणी," ती वाकून, हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नकोस हं. तू तिथे उभी राहा, आणि कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. मी आलेच."

चीनू गेली आणि खिडकीपाशी, सोफ्याच्या कडेला, हात पाठीमागे बांधून पहाऱ्याला उभी राहिली.

"काय म्हणते पोरगी?" साहेबांनी विचारलं.

"बताशे मागतेय."

"दे की मग. माझ्यामुळे पोरं उपाशी नकोत." साहेब आता खुशीत होते. "खरं सांगू, बहू? मी नाही म्हणायलाच आलो होतो. पण इतकी काळजी सख्खी आई घेत नाही. सभेत मी स्वतः बोलेन."

चार वर्षांत तिच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मंजरी हसली. ते हसू चेहऱ्यावर असतानाच खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी म्हणालं, "हे काय जळतंय?"

उपड्या थाळीखाली ज्योत वर जात नाही, आडवी पसरते. धग कडांनी बाहेर पडते. वीतभर अंतर उघड्या दिव्याला पुरलंही असतं कदाचित, झाकलेल्याला नाही. पंख्याने जाळीची कड आत ढकलली, आणि पडदा खालून वर असा पेटत गेला, की बघणाऱ्याला वाटावं कुणी दोरी ओढून गुंडाळतंय.

मंजरी झेपावली. मध्ये सोफा, सोफ्यावर माणसं, माणसांच्या मांडीवर पोरं. सगळी एकदम उठली आणि दाराकडे लोटली. ती उलट्या दिशेने घुसली. पेटल्या पडद्याचं न पेटलेलं टोक पकडून तिने सर्वशक्तीने खाली ओढलं. सरळ खाली यायला हवा होता. दांडीवर राजुलच्या माळेचे वेढे होते. पडद्याची कडी त्यांत अडकली, पडदा अर्धा सुटला, आणि उरलेला अर्धा माळेला लटकून झोक्यासारखा आडवा फिरला. त्यातून वितळलेलं नायलॉन थेंबाथेंबाने गळत होतं, जळतं, गुलाबी.

खाली चीनू उभी होती. तिला कुणी हल म्हटलं नव्हतं.

"मेन बंद करा! आधी मेन!" मंजरी ओरडली. कारण कुणीतरी बादली उचलली होती आणि माळेचे बल्ब अजून लाल-हिरवे पेटत होते. मेनचा खटका दाराआड. दारात पंचवीस माणसं. खटका पडून अंधार व्हायला किती वेळ गेला ते नंतर कुणीच नक्की सांगू शकलं नाही. पण तोवर मंजरीने पोरीला दोन्ही हातांनी उचलून बाजूला फेकल्यासारखं ओढलं होतं, आणि तिच्या खांद्यावरची आग आपल्या पदराने दाबली होती. पदर सुती होता, तेवढं तिने पाळलं होतं. मग कट्ट्यावर वाळू, पडद्यावर पाणी. आग विझली. सगळी मिळून दोन मिनिटं झाली असतील.

राजुल दारात उभा होता, हातात नक़वीसाहेबांचं पेन.

पुढचं मंजरीने बिनचूक केलं. पोरीला न्हाणीघरात नेलं, गार पाण्याची धार खांद्यावर आणि डाव्या हातावर धरली. कातडीला चिकटलेलं नायलॉन ओढलं नाही. सहाय भाभी टूथपेस्ट घेऊन आल्या, त्यांना ढकलून दिलं. कुणी बर्फ आणला, तो फेकला. "वीस मिनिटं," ती म्हणत राहिली, "वीस मिनिटं पाणी." चीनू पहिली पाच मिनिटं रडली. मग रडली नाही, नुसती थरथरत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं.

"मी सांगत होते ना, जळण्याच्या गोष्टी करू नये," अम्माजी बाहेर कुणाला तरी सांगत होत्या. "दिवसभर एकच जप. लागली शेवटी दृष्ट."

सरकारी इस्पितळात बबीता साडेनऊला पोचली, अंगावर तिच्या वॉर्डाचा गणवेश. मंजरी बाकावरून उठली. बबीताने तिच्याकडे न बघता आधी आत जाऊन पट्ट्या बघितल्या, डॉक्टरांशी बोलली, आणि बाहेर आली. डॉक्टर म्हणाले होते, खांद्यापासून कोपरापर्यंत खोलवर भाजलंय. मांडीची कातडी काढून लावावी लागणार. कोपर सरळ होईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

"पाण्याखाली किती वेळ धरलंत?"

"वीस मिनिटं. घड्याळ लावून."

"चांगलं केलंत." बबीता भिंतीला टेकली. "दिवा कुणी ठेवला तिथे?"

"अम्माजींनी. मला न सांगता." हे खरं होतं. मंजरीने तेवढंच सांगितलं आणि थांबली. बबीताने मान हलवली. क्षणभर मंजरीला वाटलं, बबीता आपला हात धरेल.

दार उघडं होतं. आतून औषधाच्या गुंगीतला बारीक आवाज आला.

"मम्मी."

"काय, बेटा?"

"मी हलले नाही. मौसी म्हणाली उभी राहा. कुणाला सांगू नकोस म्हणाली. मी नाही सांगितलं."

बबीता मंजरीकडे वळली. मंजरीला वाटलं, आता ही ओरडेल, मारेल, आणि तिने ते सोसायची तयारीही केली. पण बबीताने फक्त एवढंच विचारलं, "कशासाठी, दीदी?"

सहीसाठी, हे उत्तर मंजरीच्या ओठापर्यंत आलं. मोठ्याने म्हटलं असतं तर किती लहान वाटलं असतं, ते तिला कळलं. बबीता आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

आता कुणी काय भरलं, ते बघायचं.

सहायसाहेबांनी काही भरलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांनी सांगितलं की आपण कुठेही सही केलेली नाही, आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्यांच्या दूरदृष्टीची तारीफ केली. अम्माजींनी काही भरलं नाही. सहा पोरं वाढवल्याची गोष्ट त्या अजून सांगतात. राजुलने एक जुनी माळ टाकून दिली. अकरापैकी दहा आयांनी नव्या जागा शोधल्या. दोघींना मिळाल्या नाहीत, त्या घरी बसल्या. मंजरीचे दहा तास गेले. आता ते रिकामे असतात, आणि रिकाम्या तासांत ती खिडकीपर्यंतची दोन पावलं मोजते. दर वेळी दोनच भरतात. बबीताने आधी उशिराची पाळी सोडली, मग नोकरी, मग शहर.

आणि जिने एकही नियम मोडला नव्हता, जिने हात मागे केले होते आणि मौसीला सांगितलंही होतं, त्या चीनूचा डावा हात कोपरात वाकलेलाच राहिला.